डावं-उजवं

मराठीत ‘डावं-उजवं करणं’ म्हणजे भेदभाव करणं, आणि ‘उजवा’ म्हणजे सरस. डेटिंग ॲप निघण्याच्या कितीतरी आधी आपल्या भाषेने स्वाइपचं अख्खं मानसशास्त्र या दोन शब्दांत बसवून ठेवलं होतं. नावडता चेहरा डावीकडे, आवडता उजवीकडे. आणि ज्यांना आपण उजवीकडे सरकवलं, ते सगळेच्या सगळे रात्री अकरानंतर आपल्यापेक्षा उजवे दिसायला लागतात.

त्यांनी उलट आपल्याला उजवीकडे सरकवलं तर मॅच होते. नाही सरकवलं तर काय होतं? काहीच नाही. घंटा वाजत नाही, निरोप येत नाही, पडद्यावर साधा ठिपकाही उमटत नाही. तोंडावर मिळालेला नकार एक वेळ परवडला. त्याला तारीख असते, कारण असतं, निदान मित्रांना सांगण्यासारखा एखादा संवाद तरी असतो. इथे मिळते ती निव्वळ शांतता, आणि शांततेचा अर्थ लावायचं काम रात्री अकरानंतर ज्याच्याकडे जातं तो आपला मेंदू काही निःपक्षपाती न्यायाधीश नव्हे.

सोयीसाठी एक उमेदवार घेऊ. व्याकरणापुरतं त्याला ‘तो’ म्हणतो. ‘ती’ वाचलंत तरी चालेल, आकडे तेवढे बदलतील. या उमेदवाराने आठवडाभरात १०० प्रोफाइल उजवीकडे सरकवली आणि रविवारी रात्री हिशेब मांडला. मॅच शून्य. निष्कर्ष: ‘शंभर जणींनी मला नाकारलं.’ मग कारणांचा शोध. आधी नाकावर संशय. नाक वडिलांवर गेलेलं, म्हणून थोडा वडिलांवर. मग नोकरी, उंची, हसण्याची ढब, आणि शेवटी आरशासमोर उभं राहून ‘माझ्यात मुळात आहेच काय?’ हा सवाल. पुढे झोप येत नाही, म्हणून पुन्हा ॲप.

आता तोच हिशेब जरा तपासू. त्या १०० जणींपैकी काहींनी ॲप कित्येक दिवसांत उघडलेलंच नसणार. खातं जिवंत असतं, माणूस केव्हाच निघून गेलेला असतो. समजा अशा ४० निघाल्या. उरलेल्या ६० जणींच्या गठ्ठ्यात आपल्या उमेदवाराचा फोटो कुठेतरी तळाशी आहे. निम्म्या जणी तिथवर पोचण्याआधीच कंटाळून फोन ठेवतात. राहिल्या ३०. त्यांनी त्याला खरोखर पाहिलं, पण किती वेळ? एकेकीने दोन सेकंद धरू. म्हणजे एकूण ६० सेकंद. हे आकडे मी समजुतीसाठी धरलेत, पण मुद्दा आकड्यांचा नाही. ज्याला आपला उमेदवार शंभर नकार म्हणतो, ती प्रत्यक्षात अनोळखी लोकांनी बोटाने केलेली एका मिनिटाची पाहणी आहे. एका मिनिटात कोणी धड टरबूजही पारखून घेत नाही.

बरं, त्या शून्याचा अर्थ तरी काय? समजा उमेदवाराचं प्रोफाइल बऱ्यापैकी आहे आणि दर ५० राइट स्वाइपमागे सरासरी एक मॅच, म्हणजे २ टक्के, हा त्याचा खरा दर आहे. अशा माणसाला लागोपाठ ५० स्वाइपमध्ये एकही मॅच न मिळण्याची शक्यता ३६ टक्के येते. ०.९८ ला स्वतःनेच ५० वेळा गुणून पाहा. म्हणजे तितक्याच बऱ्या तिघांपैकी एकाची पाटी नुसत्या योगायोगाने कोरी राहणार. १०० स्वाइपनंतरही १३ टक्के लोकांच्या हाती भोपळाच येतो. आणि दर त्याहून कमी असू शकतो. २०१६ साली संशोधकांनी टिंडरवर स्वतः बनवलेली प्रोफाइल टाकून पाहिली होती. त्यातल्या पुरुषांच्या प्रोफाइलांना शंभर लाइकमागे सरासरी एकसुद्धा मॅच मिळाली नव्हती, ०.६ टक्के एवढीच. त्या दराने १०० स्वाइपनंतर शून्य येणं हे अर्ध्याहून जास्त जणांच्या वाट्याला येतं. जे निम्म्या वर्गाचं होतं, त्याला नापास म्हणत नाहीत. त्याला अवघड पेपर म्हणतात.

यात आपणही थोडी भर घालतो. अमेरिकेतल्या डेटिंग साइटवरचे संदेश तपासून २०१८ मध्ये एलिझाबेथ ब्रुच आणि मार्क न्यूमन यांनी दाखवलं, की बहुतेक लोक आपल्यापेक्षा सरासरी २५ टक्के जास्त मागणी असलेल्या व्यक्तींना लिहितात. यात चूक काही नाही, मोठं मागावं. पण वरच्या फांदीवरच दगड मारायचे आणि आंबे पडले नाहीत म्हणून स्वतःच्या हाताला नावं ठेवायची, हे जरा जास्त होतं.

आता तुलनेकडे वळू, कारण आत्मविश्वासाला खरी गळती तिथेच लागते. १९५४ मध्ये लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने मांडलं, की मोजायला पट्टी नसली की माणूस स्वतःला दुसऱ्यांशी ताडून बघतो. ‘मी आकर्षक आहे का’ याला पट्टी नाहीच. गंमत अशी, की डेटिंग ॲपवर आपले स्पर्धक आपल्याला कधी दिसतच नाहीत. दिसतात त्या ज्यांना आपल्याला आवडायचंय त्या व्यक्ती. दुकानदाराने शेजारच्या दुकानाकडे न बघता गिऱ्हाइकाच्या कपड्यांशी स्वतःच्या मालाची तुलना करावी, तसं आपण करतो. ती डोंगरमाथ्यावर उभी आहे, मी जिन्यावर दमतो. ती तीन भाषा बोलते, माझ्या बायोत स्पेलिंगची चूक आहे. स्पर्धक तर दिसत नसल्यामुळे आपण ते मनानेच घडवतो, आणि मनात घडवलेल्या स्पर्धकाला पोट नसतं.

त्यात तुलना होते ती तिच्या सहा फोटोंची आपल्या सगळ्या आयुष्याशी. तिने नऊशे फोटोंतून ते सहा निवडलेत. आपले नऊशेच्या नऊशे आपल्याला पाठ आहेत, डोळे मिटलेल्या ग्रुप फोटोसकट.

फोटो निवडण्यावरून एक खरोखर उपयोगाची गोष्ट सांगतो. २०१७ मध्ये डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी लोकांना आपले स्वतःचे आणि अनोळखी माणसांचे प्रोफाइल फोटो निवडायला दिले. अनोळखी लोकांनी निवडलेले फोटो पाहणाऱ्यांवर जास्त चांगली छाप पाडत होते. आपल्याच चेहऱ्याबाबत आपली नजर बिघडलेली असते. तेव्हा बारा फोटो काढा आणि अशा तिघांना दाखवा ज्यांचा तुमच्यावर फार जीव नाही. ‘तुला कोणता आवडला’ असं विचारू नका. आवडीवर माणसं सौजन्य दाखवतात. विचारा, ‘यातल्या कोणत्या माणसाशी तू बोलशील?’ दोघांनी उचललेला फोटो पहिला ठेवा. तो तुम्हाला अजिबात आवडणार नाही. तरी ठेवा.

ठेवल्यावर मात्र हात आवरा. उमेदवाराची रविवार रात्रीची नेहमीची खोड अशी, की शून्य दिसलं की फोटो बदलायचा, बायो बदलायचा, ‘प्रवासाची आवड’ काढून ‘प्रवासाचं वेड’ लिहायचं, आणि सोमवारी एक मॅच आली की त्याचं श्रेय वेडाला द्यायचं. वर पाहिलंच, की २ टक्के दराला ५० स्वाइपमध्ये शून्य, एक किंवा दोन यांतलं काहीही योगायोगाने येऊ शकतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान १५० राइट स्वाइप तिला हात लावू नका. तेवढ्यातही फरक सूक्ष्म असेल तर कळणार नाही, ढोबळ असेल तर कळेल. आणि या काळात स्वतःच्या प्रोफाइलची वारी करायची नाही. आपलं प्रोफाइल दहाव्यांदा वाचून ते सुधारत नाही, आपण मात्र बिघडतो.

किती वेळ बसावं यालाही हिशेब आहे. टिला प्रॉंक आणि याप डेनिसन यांच्या २०२० च्या अभ्यासात लोकांना एकामागून एक प्रोफाइल दाखवली गेली, तेव्हा पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत पसंती देण्याची शक्यता सरासरी २७ टक्क्यांनी घसरली. जसजसे चेहरे वाढतात तसतसे आपण किरकिरे होत जातो. पलीकडची व्यक्तीही तशीच होत जाते. म्हणजे तिच्या पन्नासाव्या चेहऱ्याच्या जागी आपण आलो, तर दोष नाकाचा नसून क्रमांकाचा असू शकतो. आपल्या बाजूने करायचं ते एवढंच: दिवसातून एकदा, पंधरा मिनिटं, गजर लावून, दहा-बारा प्रोफाइल. पूर्ण वाचून, मगच बोट हलवायचं. ‘बोट आपोआप उजवीकडे जातंय’ असं लक्षात आलं की त्या क्षणी ॲप बंद. कारण न वाचता सरकवलेल्या प्रोफाइलकडून न आलेलं उत्तरही हिशेबात चढतं आणि मन त्याचंही दुःख करत बसतं.

वेळ झोपेची नको. रात्रीच्या थकव्यात शांतता ही नापसंतीच वाटते. नोटिफिकेशन फक्त संदेशाचं चालू ठेवा. ‘कोणीतरी तुम्हाला पाहत आहे’ छापाची सगळी बंद. ती बातमी नसते, हाक असते. आणि रविवारी हिशेब मांडायचाच असेल तर मॅच मोजू नका, तुमच्या हातात असलेलं मोजा: किती प्रोफाइल पूर्ण वाचली, किती जणींना त्यांच्या लिहिण्यातलं काही पकडून पहिला संदेश पाठवला.

लक्ष ठेवायची खूणही सांगून ठेवतो. ॲप बंद केल्यावर पाच मिनिटांनी मूड कसा आहे, हे आठवडाभर एका शब्दात लिहायचं. सातपैकी पाच दिवस ‘वाईट’ निघाला तर खातं न उडवता पॉज करायचं, दोन आठवडे. बहुतेक ॲपवर ही सोय सेटिंगमध्ये असते. दोन आठवड्यांनीही भूक, झोप आणि कामातलं लक्ष परत आलं नसेल तर तो प्रश्न मॅचचा उरत नाही; समुपदेशकाकडे जायचं, फोटोग्राफरकडे नव्हे.

तर आपल्या उमेदवाराने हे सगळं मनावर घेतलं. संध्याकाळी पंधरा मिनिटं झाली, गजर वाजला, अकरा प्रोफाइल वाचून झाली, फोन चार्जिंगला लावून ड्रॉवरमध्ये ठेवला. पुस्तक घेऊन बसला. अर्ध्या तासाने ड्रॉवरमधून आवाज आला. संयम, वीस सेकंद. मग त्याने ड्रॉवर उघडला. बॅटरी पूर्ण चार्ज झाली होती.