चुलत आजोबा की चुलत पणजोबा?

“आत्या, गेम ऑफ थ्रोन्समधला मेस्टर एमन डॅनेरिसचा चुलत आजोबा ना? आरतीनंतरच्या प्रश्नमंजुषेत माझं उत्तर चूक धरलं, म्हणे चुलत पणजोबा. मालिकेचं चित्रीकरण झालं तिथेच राहतेस तू, सांग.”

भाच्याचा हा निरोप गुहागरहून आला तेव्हा मी बेलफास्टमध्ये ग्लायडर बसमध्ये होते, टायटॅनिक क्वार्टरच्या थांब्याच्या अलीकडे. घरी पोचेपर्यंत आमच्या भावकीच्या ग्रुपवर सत्तर निरोप येऊन पडले होते.

भाचा बरोबर आहे. मालिकेच्या पहिल्याच पर्वात एमन जॉनला आपली वंशावळ तोंडाने सांगतो: वडील मेकार, मग धाकटा भाऊ एगॉन, मग एगॉनचा मुलगा एरिस, तोच वेडा राजा. डॅनेरिस एरिसची मुलगी. म्हणजे एमन तिच्या आजोबांचा भाऊ, चुलत आजोबा.

प्रश्न काढणारा प्रकाशदादाही चुकलेला नाही, कारण त्याने मालिकेची मूळ पुस्तकं वाचली आहेत. पुस्तकांत एगॉन आणि एरिस यांच्या मधे दुसरा जहेरिस येतो. तो जेमतेम 3 वर्षं गादीवर होता, त्या कथेतल्या कालगणनेनुसार 259 ते 262. मालिकेने ती पिढीच गाळली. पुस्तकात एरिस एगॉनचा नातू आहे, म्हणून एमन चुलत पणजोबा ठरतो.

मला राग आला तो “पुस्तक तेच खरं, बाकी सगळं खोटं” या प्रकाशदादाच्या वाक्याचा. अशा प्रश्नाला हात घालण्याआधी कुठल्या वंशावळीबद्दल विचारतोय ते ठरवायचं, मग बोटांवर पिढ्या मोजायच्या आणि नात्याचा शब्द सगळ्यात शेवटी लावायचा. प्रकाशदादाने शब्द आधी लावला. इथल्या पब क्विझमध्ये प्रश्न वाचणारी बाई आधी “मालिकेनुसार” म्हणते आणि मग प्रश्न वाचते. एवढं आपल्या वाडीत का जमू नये?

त्यावर प्रकाशदादाने कार्डाचा फोटो टाकला. कार्डावर फक्त “गेम ऑफ थ्रोन्समध्ये” असं होतं. 1996 साली आलेल्या पहिल्या पुस्तकाचं नावही तेच. त्यामुळे तो गुण कोणाचा, हे अजून ठरलेलं नाही.

तात्यांना प्रश्न वेगळाच कळला. “सख्ख्या बहीणभावांची लग्नं लावणाऱ्या घराण्यात नाती कसली मोजता?” असं लिहून त्यांनी आमच्या कुलवृत्तान्ताचं पान टाकलं. पण त्या पानातही अशीच एक पिढी गळालेली सापडली. आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. आजोबा विष्णू, नातू विष्णू, मधला गणेश. छापताना कोणीतरी दोन्ही विष्णू एकच धरले आणि गणेश गळाला. तात्यांनी ते जन्मसालांवरून पकडलं: बाप आणि मुलगा यांच्यात 58 वर्षांचं अंतर पडत होतं. पाच-पाच एगॉन असलेल्या घराण्यातही नाव सारखं दिसलं की आधी सालं बघावीत, ते याचसाठी.

मग चुलतभावाने लिहिलं, “तिकडे सगळेच अंकल. तुम्हाला आजोबा-पणजोबातला फरक काय कळणार?”

ते मला लागलं. मी त्याला सांगितलं की डेव्हिड पीटरसन यांनी मालिकेसाठी जी हाय व्हॅलिरियन भाषा घडवली, तिच्यात थोरल्या भावाला लेकिया आणि धाकट्याला वालोनकार असे दोन वेगळे शब्द आहेत. वालोनकार तर मूळ पुस्तकातलाच. ती भाषा आपल्याजवळची आहे, इंग्रजीजवळची नाही, आणि मला ती कळते ती मराठीमुळेच. हे लिहून पाठवलं, आणि माझ्या मुलीला “चुलत आजोबा” म्हणजे कोण, हे मी कधीच सांगितलं नाही हे तेव्हा आठवलं. तात्यांना ती अंकलच म्हणते.

रविवारी आम्ही बॅलिनटॉयला गेलो. तिथे मालिकेतल्या लोखंडी बेटांचं बंदर चित्रित झालं. मला ते कायम आमच्या वेळणेश्वरच्या खडकांसारखं वाटतं, फक्त माड नाहीत. तिथे बसून मुलीला एमनची गोष्ट सांगितली. राज्याच्या उत्तर टोकाच्या भिंतीवर पहाऱ्याच्या शपथेने बांधलेला हा म्हातारा, घरच्यांचा संहार झाल्याचं दूर बसून ऐकतो आणि जाऊ शकत नाही. मालिकेत तो तिथेच, कॅसल ब्लॅकमध्ये मरतो. पुस्तकात शंभरी ओलांडल्यावर त्याला डॅनेरिसची बातमी कळते, तिच्याकडे जायची ओढ लागते, आणि तो जहाजावरच मरतो.

अण्णा गेले तेव्हा मला तिकीट तिसऱ्या दिवशीचं मिळालं होतं.

मुलीने विचारलं, “मग तात्या माझे कोण?” अण्णांचे सख्खे भाऊ, म्हणून माझे काका. मी तिला बोटांवर मोजायला लावलं.