व्हिजिटिंग कार्डावर मॅनेजर छापलं म्हणून कामगारपण जात नाही

"पदनामात मॅनेजर, एक्झिक्युटिव्ह किंवा सुपरवायझर असेल, किंवा पगार १८ हजारांच्या वर असेल, तर तुम्ही कामगार नाही. तुम्हाला कामगार कायदे लागू नाहीत, ग्रॅच्युइटीसुद्धा नाही. कंपनी कधीही काढू शकते. नवीन कोडमध्ये तर उरलंसुरलंही गेलं. उगाच कोर्टात जाऊ नका."

परवा मेहुण्याने हा मजकूर मला पाठवला आणि खाली लिहिलं, "मग राजीनामाच देऊन टाकतो." चुकीची माहिती नुसती फिरत राहिली तर एक वेळ चालतं. पण तिच्या भरवशावर कोणी राजीनाम्यावर सही केली, तर पुढचा दावा तिथेच लंगडा होतो.

आधी १८ हजारांचं बघू, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथे आहे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये हा आकडा आहे, हे खरं. पण तो फक्त देखरेखीचं काम करणाऱ्यांसाठी आहे. शारीरिक, कुशल, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणाऱ्याला पगाराची वरची मर्यादाच नाही. स्वतः हाताने मशिन दुरुस्त करणारा टेक्निशियन महिना ८० हजार घेत असला तरी तो कामगारच राहतो. त्याच्या बाबतीत १८ हजारांचा प्रश्नच येत नाही.

सुपरवायझरच्या बाबतीतही पगारपत्रकाची शेवटची ओळ बघून चालत नाही. संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येतून घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता, बोनस, ओव्हरटाइम अशा काही रकमा वगळल्या आहेत. समजा, महिना ३०,००० मिळतात. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १६,५००, घरभाडे ९,५०० आणि वाहतूक ४,०००. कायद्याच्या हिशेबाने वेतन १६,५०० भरतं, म्हणजे हा सुपरवायझर मर्यादेच्या आत आहे. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर निम्म्यावरचा भाग पुन्हा वेतनात धरतात. इथे त्या १३,५०० आहेत, निम्मे होतात १५,०००, त्यामुळे काही परत येत नाही.

आता पदनाम. एस. के. मैनी विरुद्ध कॅरोना साहू या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की पदाच्या नावावरून काही ठरत नाही, माणूस मुख्यतः काय काम करतो ते बघायचं. गंमत म्हणजे हा निकाल अर्धाच वाचून नाचणारेही पुष्कळ आहेत. त्या प्रकरणातला दुकानाचा प्रमुख शेवटी हरला. तो थोडं कारकुनी कामही करायचा, पण त्याचं मुख्य काम दुकान चालवण्याचं ठरलं. म्हणजे कसोटी दोन्ही बाजूंनी कापते.

ही कसोटी लावायची कशी? एक नमुना घ्या. पद 'असिस्टंट मॅनेजर, क्वालिटी', नोकरी सात वर्षं, पगार वरच्याच हिशेबाचा. दिवसभराचं काम म्हणजे लाइनवरून नमुने उचलायचे, व्हर्नियरने मापं घ्यायची, शीट भरायची आणि माल नापास वाटला तर वरिष्ठाला कळवायचं. हाताखाली दोन हेल्पर. त्यांच्या रजेच्या अर्जावर हा 'शिफारस' म्हणून सही करतो, मंजुरी एचआर देतं. हेल्परला ठेवायचं की काढायचं, मेमो द्यायचा की नाही, यातलं काहीही त्याच्या हातात नाही. माल थांबवायचा निर्णयही वरचा घेतो.

हा माणूस कागदावर मॅनेजर असला तरी तपासनीस आहे. १९८८ च्या किशन भगेरिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंतर्गत हिशेब तपासणाऱ्यालाही कामगार धरलं, कारण तो तपासून कळवत होता, मालकाच्या वतीने निर्णय घेत नव्हता. त्यामुळे स्वतःला विचारायचा प्रश्न असा: माझ्या सहीने कंपनी बांधली जाते का? रजा मंजूर करणं, नेमणूक करणं, शिक्षा देणं, खर्चाला मान्यता देणं यातलं काही तुमच्या एकट्याच्या सहीने आणि रोजचं काम म्हणून होत असेल, तर तुम्ही मॅनेजर. 'शिफारस' आणि 'मंजूर' हे शब्द रजेच्या अर्जावर एकमेकांच्या शेजारी छापलेले असतात. पुढचा खटला बऱ्याचदा त्यातल्या कुठल्या शब्दाखाली तुमची सही आहे यावर फिरतो.

ग्रॅच्युइटीचं विधान मात्र सरळ खोटं आहे. ती 'कर्मचाऱ्या'ला मिळते आणि त्या शब्दात व्यवस्थापकसुद्धा येतो. आपल्या नमुन्यातल्या माणसाचा हिशेब: १६,५०० ला २६ ने भागा, १५ ने गुणा, मग ७ ने गुणा. येतात सुमारे ६६,६३५ रुपये. जनरल मॅनेजरलाही हाच हिशेब लागतो. थकलेला पगार, जमा झालेला पीएफ, मातृत्व रजा आणि लैंगिक छळाची तक्रार यांनाही पदनाम आडवं येत नाही. वेतन संहितेप्रमाणे काढल्यानंतर किंवा राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत वेतन चुकतं करायचं असतं. तिथेही शब्द 'कर्मचारी' हाच आहे.

एवढं झाल्यावर नाइलाजाने एक गोष्ट मान्य करतो. खऱ्या मॅनेजरला औद्योगिक न्यायाधिकरणात जाऊन "मला परत कामावर घ्या" असं म्हणता येत नाही. नोकरकपातीच्या नोटिशीचं आणि भरपाईचं संरक्षणही त्याला नाही. नेमणूकपत्रातल्या नोटिशीच्या मुदतीचे पैसे आणि नुकसानभरपाई यासाठी त्याला दिवाणी दावाच करावा लागतो. कामगाराला मात्र सलग वर्षभराच्या सेवेनंतर कपात करताना महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो, वर दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचं सरासरी वेतन. आपल्या सात वर्षंवाल्याला म्हणजे १०५ दिवसांचं, आणि ते ग्रॅच्युइटीपेक्षा वेगळं.

नव्या संहितेने सगळं गेलं म्हणणाऱ्यांनी जुना आकडा तरी बघावा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात सुपरवायझरची मर्यादा २०१० पासून १०,००० होती, त्याआधी १,६००. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती १८,००० झाली. नुकसान झालंच असेल तर मुदतीत झालं: काढून टाकल्याचा वाद नेण्यासाठी आधी तीन वर्षं होती, आता दोन.

हे दावे पडतात ते बहुतेक पुराव्याअभावी. "मी कामगार आहे" हे सिद्ध करायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर असते. आणि ज्याच्या अर्जात कामाचं वर्णनच नाही, नुसतं "अन्यायाने काढले" आहे, त्याला कंपनीचा वकील पहिल्याच हरकतीत गाठतो. म्हणून प्रवेशद्वाराचं कार्ड बंद व्हायच्या आधी शिफ्टच्या नोंदी, स्वतः भरलेल्या शीट, पंचिंगचा तपशील, ओव्हरटाइमच्या पावत्या आणि "मंजुरी द्यावी" असं वरिष्ठाला विचारलेल्या ईमेल यांतलं जे कायदेशीरपणे तुमच्याकडे असू शकतं ते जपून ठेवा. समेट अधिकाऱ्याकडच्या अर्जात पदनाम एका ओळीत उरका आणि सकाळी आल्यापासून जाईपर्यंत काय करता ते पानभर लिहा.

मेहुण्याला मी एवढंच कळवलं: राजीनाम्याचा छापील कागद पुढे केला तर सही करू नकोस, काढायचं असेल तर लेखी काढा म्हण.