समिती नेमताय? मग आदेश असा काढा

रस्ता एकदाच खोदावा आणि एकदाच बांधावा, असला खुळा हट्ट गावकऱ्यांनी धरला की आंतरविभागीय समिती नेमायची पाळी येते. घाबरू नका. आदेशात मुळात चारच गोष्टी लागतात: समितीचं काम काय, सदस्य कोण, गणपूर्ती किती आणि अहवाल कुणाला. या चारही नीट बिघडवल्या तर समिती वर्षानुवर्षं चालते आणि कुणाच्याही केसाला धक्का लागत नाही. आमच्या तालुक्यात अशी एक समिती आहे. मी तिच्यात अशासकीय सदस्य आहे, म्हणजे चहा प्यायचा आणि हजेरीपटावर सही करायची. मागच्या मंगळवारच्या बैठकीतून उठलो तो हे लिहायचं ठरवूनच.

कार्यकक्षेत ‘निर्णय’, ‘मंजुरी’, ‘मनाई’ असले शब्द चुकूनही येऊ देऊ नका. ‘समन्वय साधणे’, ‘आढावा घेणे’, ‘आवश्यक त्या सूचना करणे’ हे तीन शब्दप्रयोग पुरतात, आणि शेवटी ‘इत्यादी’. नेमका प्रश्न विचारलात तर नेमकं उत्तर यायचा धोका असतो. १९८३ साली दांडेकर समितीला प्रादेशिक असमतोल तपासायला सांगितलं. तिने राज्याची सरासरी ही पट्टी धरली, कोण त्या पट्टीच्या किती खाली ते मोजलं आणि १९८४ मध्ये अनुशेषाचे आकडे हातात ठेवले. ते आकडे घेऊन आपण मराठवाडेकर आजवर काय करतोय ते तुम्हाला ठाऊक आहे. पण आकडे मिळाले तरी! असा प्रसंग स्वतःवर कशाला ओढवून घ्यायचा?

आमचा प्रश्न एका वाक्याचा होता. मेन रोडवर काँक्रीट टाकायचंय, खाली जुनी गळकी जलवाहिनी आहे. ती बदलून चाचणी होईपर्यंत काँक्रीट थांबवायचं की नाही, आणि ‘थांबा’ कुणी म्हणायचं? आदेशात उतरलं ते असं: ‘शहरातील रस्ते, पाणीपुरवठा, वीज व तत्सम विकासकामांबाबत समन्वय साधणे इत्यादी.’ जलवाहिनी ‘तत्सम’मध्ये गेली, काँक्रीट ‘इत्यादी’त.

सदस्यांची यादी लग्नपत्रिकेतल्या निमंत्रक मंडळींसारखी लांबलचक ठेवा, कुणी रुसता कामा नये. आमच्याकडे २१ आहेत. सामाजिक वनीकरणही आहे. मेन रोडवर झाड एकच, तेही रुंदीकरणात गेलं.

सदस्य सचिव कोण, हे लिहायला विसरा. इतिवृत्त कुणी लिहायचं यावर दोन बैठका आरामात निघतात.

आता गणपूर्ती. इथे खरं कौशल्य लागतं. ‘एकूण सदस्यांच्या निम्मे’ एवढंच लिहा आणि पेन खाली ठेवा. २१ चे निम्मे साडेदहा, म्हणजे ११. कागदावर किती सोपं! पण हा मराठवाडा आहे साहेब, इथं पदं कागदावर असतात आणि माणसं पुण्याला बदली करून घेतात. २१ पैकी ४ पदं रिक्त. उरली १७. त्यातल्या दोन पदांचा भार एकाच साहेबांकडे, म्हणजे १६ माणसं. तरी गणपूर्ती ११ च, कारण आदेशात ‘एकूण सदस्य’ म्हटलंय आणि रिकामी खुर्चीसुद्धा सदस्यच. मंगळवारी आलो १० जण. त्यातले ५ ‘प्रतिनिधी’, म्हणजे साहेब व्हीसीला बसलेत म्हणून डायरी देऊन पाठवलेले कनिष्ठ. ‘तुम्हाला काही ठरवायचा अधिकार आहे का?’ असं विचारलं तर एकजण म्हणाला, ‘मला फकस्त नोंद घ्यायला सांगितलंय, काका.’ हे मोजायचे की नाही, आदेश गप्प. मग मुद्दा निघाला की अतिरिक्त कार्यभारवाले साहेब एक की दोन? यावर पाऊण तास गेला. एकाने त्या साहेबांच्या दोन पदांच्या दोन वेगळ्या सह्या हजेरीपटावर दाखवल्या. शेवटी ते दोन ठरले, दहाचे अकरा झाले, गणपूर्ती झाली, अध्यक्षांनी घसा खाकरला, आणि तेवढ्यात त्याच साहेबांना जिल्ह्याहून फोन आला. ते उठले. एक माणूस दाराबाहेर गेला आणि समिती दोनाने कमी झाली. उरले नऊ! इतिवृत्तात काय आलं माहितीये? ‘सविस्तर चर्चा करण्यात आली.’

आणि ज्यांचा रस्ता आहे त्या बांधकामवाल्यांचा माणूस मुळात आलाच नव्हता. तो आला नसता आणि बाकी सगळे पंधराच्या पंधरा आले असते, तरी नियमाने सभा वैध! साध्या ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी असेल ती गणपूर्ती लिहून ठेवलीय, ती झाली नाही तर तहकूब सभेचं काय करायचं हेही लिहिलंय. गावच्या पारावर जे कळतं ते एसीत बसून का कळत नाही? इकडे काँक्रीटच्या गाड्या आल्या, रस्ता गुळगुळीत झाला, आणि आठ दिवसांत पाणीपुरवठ्याने कटर लावून तो मधोमध कापला. माझ्या दुकानाच्या पायरीला लागून चर आहे. खताची पोती डोक्यावरून आत आणतो आम्ही.

अहवालाच्या ओळीत ‘वरिष्ठांना सादर करावा’ लिहा. कुणाच्या वरिष्ठांना, ते विचारणारा उद्धट ठरतो. आदेश प्रांतसाहेबांच्या सहीचा. बांधकामचा कार्यकारी अभियंता बघतो अधीक्षक अभियंत्याकडे, नगरपरिषदेचा मुख्याधिकारी नगरविकासकडे, महावितरण तर कंपनीच, तिचं मंडल कार्यालय वेगळं. प्रांतांच्या सहीने यातला एकही बांधला जात नाही.

आता पुरे झालं. सरळ सांगतो.

कार्यकक्षेत एक प्रश्न लिहा आणि समिती निर्णय देणार की फक्त शिफारस, तेही लिहा. निर्णय द्यायचा असेल तर प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या हाताखालच्यांना त्याच आठवड्यात स्वतःच्या सहीचं पत्र काढायचं, हे समिती नेमण्याआधी त्यांच्याकडून लेखी घ्या. नुसत्या तुमच्या आदेशाला ते भीक घालत नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. सदस्य पाच पुरेत, बाकीच्यांना लागेल तेव्हा निमंत्रित म्हणून बोलवा, त्यांना गणपूर्तीत धरू नका. गणपूर्ती भरलेल्या पदांवर मोजा. दोन खुर्च्यांवर बसला तरी माणूस एकच धरा. रस्ता, पाणी आणि वीज या तिघांशिवाय सभा होणार नाही, असं नाव घेऊन लिहा. प्रतिनिधी पाठवायचा तर ‘याने कबूल केलेलं मला मान्य’ असं पत्र त्याच्या हातात द्या, नाहीतर तो प्रेक्षक. गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा तीन दिवसांनी त्याच विषयांवर घ्या, मग संख्या मोजू नका; पण ते तिघे तेव्हाही हवेत. पुन्हा दांडी मारली तर नाव टाकून जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. मतभेद झाला तर दोन्ही बाजू एका पानावर लिहून तो कागदही तिकडेच पाठवा, कारण या सगळ्या विभागांना एका दिवशी समोर बसवणारं जिल्ह्यात दुसरं कुणी नाही. आणि समिती कधी संपणार ती तारीख टाका.

एवढं सगळं एका पानात मावतं. तुमच्या आदेशात प्रती कुणाकुणाला रवाना याचीच दोन पानं आहेत, लाज वाटत नाही? पुढची बैठक याच महिन्यात लावलीय म्हणे. तोवर आदेश नीट लिहून काढा, आणि नसेल जमत तर मला फोन करू नका, मला दुकान आहे.