सर्व्हर कोणाचा, हेही पाहावे

"इंटरनेटचा वेग मोजणाऱ्या दोन चाचण्यांचे आकडे जुळत नसतील, तर त्यांतली एक चुकीची आहे."

हे विधान पटत नाही. स्पीडटेस्ट ॲप आपणहून जवळचा सर्व्हर निवडते आणि तो अनेकदा मोबाइल कंपनीच्याच जाळ्यात असतो, तर fast.com नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून डेटा उतरवते. त्यामुळे दोन्ही आकडे खरे असले, तरी ते वेगवेगळ्या मार्गांचे असतात. शिवाय स्पीडटेस्ट एरवी एकाच वेळी अनेक जोडण्या उघडते. माझ्या फोनवर Single, म्हणजे एकच जोडणी, निवडताच आकडा बराच खाली येतो, आणि एखादी मोठी फाइल उतरवताना मिळणारा वेग याच आकड्याच्या जवळ असतो.

दोन सिमची तुलना करताना वायफाय बंद ठेवून, एकाच फोनवर, एकाच जागी, दोन्हींपैकी कोणत्याही कंपनीचा नसलेला एकच सर्व्हर हाताने निवडावा, दुपारी आणि रात्रीच्या गर्दीत अनेकदा मोजावे आणि सर्वांत मोठा नव्हे, तर मधला आकडा धरावा.