दोन पत्रं, बारा लाख आणि बर्लिनचा भाड्याचा पत्ता

«जर्मनीचा फ्रीलान्स व्हिसा सगळ्यात सोपा. टुरिस्ट व्हिसावर बर्लिनला जायचं आणि तिथेच बदलून घ्यायचा. आपल्या इथल्याच दोन क्लायंटची पत्रं, बँकेत बारा लाख आणि महिना वीस युरोचा व्हर्च्युअल ऑफिसचा पत्ता, बास! तीन वर्षांत पीआर हातात.»

हा निरोप मला आतापर्यंत निदान सहा जणांनी पाठवलाय, त्यातल्या दोघांनी तर «ताई, तू उगाच एवढे कष्ट घेतलेस» अशी पुस्ती जोडून. मी बर्लिनमध्ये भाषांतराचं काम करते, याच परवान्यावर. पंचाईत अशी की यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुणा ना कुणाच्या बाबतीत खरं आहे. फक्त तो कुणीतरी प्रत्येक वेळी वेगळा आहे, आणि बहुतेक वेळा तो भारतीय पासपोर्टवाला फ्रीलान्सर नाही.

तिथे जाऊन व्हिसा बदलायचा, हे सांगणारे व्हिडिओ कोण करतं ते एकदा नीट बघा. अमेरिकन, कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन. या देशांच्या, तसंच ब्रिटन, जपान, दक्षिण कोरिया, इस्रायल, न्यूझीलंडच्या नागरिकांना जर्मनीत व्हिसाशिवाय उतरून तिथेच राहण्याचा परवाना मागता येतो. नियमातच तशी सोय आहे. आपल्याला नाही. आपण आधी भारतातून ‘डी’ प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा काढायचा. महाराष्ट्र-गोव्यातल्या माणसाची फाइल व्हीएफएस या व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीमार्फत मुंबईच्या जर्मन वकिलातीत जाते, आणि तिथून ज्या शहरात राहणार त्या शहराच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे संमतीसाठी. यात महिने जातात. शेंगेन टुरिस्ट व्हिसावर गेलात तर साधारणपणे उत्तर एकच मिळतं: परत जा आणि योग्य व्हिसा घेऊन या. तोवर विमानाचं भाडं गेलेलं असतं आणि टुरिस्ट व्हिसाच्या नव्वदातले दिवसही.

आता पत्रांकडे येऊ, कारण खरी परीक्षा तिथेच असते. कार्यालयाला दोन कागद नको असतात, त्याला दोन प्रश्नांची उत्तरं हवी असतात: इथल्या कुणाला तुमचं काम हवंय का, आणि त्यातून दर महिन्याला किती पैसे येणार. परदेशात राहून ऑनलाइन मायदेशाचं काम करणाऱ्या ‘डिजिटल नोमॅड’साठी वेगळा व्हिसा जर्मनीत नाही. त्यामुळे सगळे क्लायंट पुण्या-मुंबईचे असतील तर समोरच्याच्या मनात सरळ प्रश्न उठतो, मग हे काम पुण्यातूनच का नाही? भारतातला एखादा जुना क्लायंट जोडीला असणं चांगलंच, पण फाइलचा कणा जर्मनीतल्या क्लायंटचा हवा.

आणि पत्र कसं असतं? माझ्या ओळखीच्या, नाशिकच्या एका चित्रकार मुलीचं पहिलं पत्र असं होतं: «आम्हाला यांचं काम आवडतं आणि गरजेप्रमाणे आम्ही यांच्यासोबत काम करू इच्छितो.» बर्लिनच्या एका डिझाइन स्टुडिओचं, लेटरहेडवर, सहीनिशी. ती खूश होती. मी वाचलं आणि म्हटलं, या पत्राची किंमत शून्य युरो आहे. तिला वाईट वाटलं, पण हिशोब करणाऱ्या माणसाला ‘गरजेप्रमाणे’ या शब्दाचा गुणाकार करता येत नाही. दुसऱ्यांदा तिने स्टुडिओकडून जे लिहून आणलं त्यात काम कोणतं (पुस्तकांची व पॅकेजिंगची चित्रं), महिन्याला किती दिवस (चार), दिवसाचा दर (280 युरो), किती काळ (एक वर्ष) आणि सही करणाऱ्याचं पद व फोन, एवढं सगळं होतं. हे पत्र म्हणजे पक्का करार नाही, नुसता इरादा आहे, तरी चालतं. पण इराद्यालाही आकडा लागतो.

एक सूचना जाता जाता. एकाच क्लायंटकडून सगळं उत्पन्न येत असेल, त्याच्याच ऑफिसात, त्याच्याच वेळेत बसायचं असेल, तर जर्मनीत त्याला खोटा स्वयंरोजगार म्हणतात, म्हणजे फ्रीलान्सच्या नावाखाली नोकरी. यात सामाजिक विम्याचे थकलेले हप्ते प्रामुख्याने त्या कंपनीच्याच गळ्यात पडतात, म्हणून समजदार कंपन्या स्वतःच अशी पत्रं द्यायला कचरतात. दोन-तीन क्लायंट असावेत, त्याचं हेही एक कारण.

बारा लाखांचा आकडा कुठून आला असावा, हे मला वाटतं मी ओळखलंय. शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला ‘ब्लॉक्ड’ खात्यात, म्हणजे जिथून दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे 11,904 युरो ठेवावे लागतात. रुपयांत ते तेवढ्याच्या आसपास येतात. कुणीतरी भाच्याचा नियम मामाला लावला. फ्रीलान्सरसाठी असा ठरलेला एक आकडा नाही. साठवलेले पैसे सुरुवातीचे महिने तगून जायला उपयोगी पडतात आणि ते दाखवावेतही, पण विचार होतो तो येत्या महिन्यांच्या उत्पन्नाचा. त्यासाठी उत्पन्नाचा अंदाज मांडलेला तक्ता द्यावा लागतो, महिन्यागणिक.

त्या मुलीचाच तक्ता बघा, आकडे थोडे गोल केलेत. स्टुडिओकडून चार दिवसांचे 1,120 युरो. एका छोट्या प्रकाशकाचं मुलांचं पुस्तक, सहा महिन्यांत 2,400, म्हणजे महिन्याला 400. पुण्यातला जुना अॅनिमेशनचा क्लायंट, महिन्याला 450. बेरीज 1,970. तिने लगेच रुपये करून आईला फोनवर सांगितले आणि घरी पेढे आले. मग आम्ही वजाबाकीला बसलो. सॉफ्टवेअर, रंग, कागद, फोन मिळून 150. एका फ्लॅटमधली खोली, हीटिंगसकट 620. आरोग्य विमा 330. आयकर साधारण 100. उरतात 770. जर्मनीत एकट्या माणसाच्या जगण्याची सरकारी किमान रक्कम 2025 मध्ये महिन्याला 563 युरो होती, घरभाडं त्यात धरलेलं नाही. म्हणजे ती पार झाली, हातात 207 राखून. पण ‘गरजेप्रमाणे’वालं जुनं पत्र लावलं असतं तर 1,120 गायब, आणि उरलेल्या 850 मधून भाडं-विमा गेल्यावर जगायला काहीच नाही. बँकेत बारा लाख असते तरी प्रश्न तोच राहिला असता: ते संपल्यावर काय?

विम्याबद्दल एकच सांगते. प्रवासी विमा चालत नाही. वर्षभराची परदेशी पाहुण्यांसाठीची स्वस्त पॉलिसीही बरेचदा नाकारली जाते, कारण सरकारी विम्याच्या तोडीचं संरक्षण हवं असतं. आणि वय 45 च्या पुढे असेल तर म्हातारपणाची तरतूदही दाखवावी लागते. निरोप लिहिणारा तरुण असावा.

पत्त्याच्या बाबतीत तर मोठी गंमत आहे, कारण ज्याची गरजच नाही ते विकलं जातंय. जर्मनीत स्वयंरोजगाराच्या दोन वाटा आहेत. भाषांतरकार, चित्रकार, पत्रकार, शिक्षक, इंजिनिअर, आर्किटेक्ट हे ‘फ्राय बेरूफ’, म्हणजे मुक्त व्यवसाय. दुकान, ऑनलाइन विक्री, एजन्सी हे ‘गेवेर्बे’, म्हणजे धंदा. धंद्याची नोंदणी नगर कार्यालयात होते. मुक्त व्यवसायाला ती नोंदणी नाही, कंपनी नको आणि वेगळं ऑफिसही नको. स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून काम केलं तरी चालतं. मी तेच करते. प्रोग्रॅमर मंडळींचं मात्र अधांतरी असतं. काम इंजिनिअरच्या दर्जाचं आहे की नुसती सेवा आहे, हे कर कार्यालय ज्याचं त्याचं बघून ठरवतं, म्हणून कामाचं वर्णन विचार करून लिहावं. धंद्याच्या वाटेने गेलात तर बिझनेस प्लॅन, भांडवल आणि त्या भागाला तुमच्या धंद्याची गरज आहे का, हे सगळं तपासलं जातं. (अडीच लाख युरो आणि पाच नोकऱ्या ही अट मात्र 2012 मध्येच गेली. ती अजूनही काही एजंट सांगतात.)

खरा लागतो तो राहण्याचा पत्ता. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात नाव नोंदवायचं, याला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो की हा माणूस खरंच इथे राहायला आलाय. वीस युरोवाला ऑफिसचा पत्ता हा कागद देऊ शकत नाही. कुणी राहायला न येता नुसता पत्ता वापरू दिला, तर देणाऱ्याला 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. त्या नोंदणीनंतर ‘एल्स्टर’ या सरकारी करपोर्टलवर कर कार्यालयाचा फॉर्म भरायचा, की टपालाने तुमचा करक्रमांक येतो आणि तो बिलावर छापता येतो. ही सगळी साखळी घरमालकाच्या एका सहीवर उभी आहे. म्हणून खोली शोधताना जाहिरातीच्या शेवटी बारीक अक्षरात ‘नोंदणी शक्य नाही’ असं असेल, तर भाडं कितीही कमी असो, पुढची जाहिरात बघा. नाशिकची मुलगी अशा दोन खोल्या सोडून तिसरीत गेली, महिना 90 युरो जास्त देऊन.

राहिली तीन वर्षं. जर्मन निवास कायद्याचं 21 वं कलम उघडा. चौथ्या उपकलमात आहे की ज्याचा धंदा यशस्वी चाललाय त्याला तीन वर्षांनी कायम निवास मिळू शकतो. पाचवं उपकलम मुक्त व्यवसायाचं, आणि त्याच्या शेवटी एक छोटंसं वाक्य आहे: चौथं उपकलम लागू नाही. म्हणजे दुकानदाराला तीन वर्षं, भाषांतरकाराला नेहमीचा पाच वर्षांचा रस्ता, आणि त्यात साधारणपणे 60 महिन्यांचे पेन्शनचे हप्ते किंवा त्या तोडीची खाजगी तरतूद. बरेच फ्रीलान्सर इथेच फसतात, कारण पेन्शन भरायला त्यांना कुणी सांगत नाही, आणि चौथ्या वर्षी कागद मोजताना खाली काहीच सापडत नाही.

कलाकार आणि लेखकांसाठी एक पळवाट आहे, म्हणजे चांगल्या अर्थाने. ‘क्युन्स्टलरसोझियालकासे’ नावाची कलाकारांची सामाजिक विमा संस्था पेन्शन, आरोग्य आणि शुश्रूषा विम्याच्या हप्त्याचा साधारण अर्धा भार उचलते. वर्षाला कलेतून 3,900 युरोंहून जास्त कमाई असावी लागते, अर्जासोबत बिलं आणि बँकेतल्या जमा नोंदी जोडाव्या लागतात, आणि उत्तराला वेळ लागतो. त्या मुलीला पत्र आलं तेव्हा ती बर्लिनमध्ये येऊन आठ महिने झाले होते. तिने ते मला फोटो काढून पाठवलं, पेन्शनच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारून आणि शेजारी लिहून: 1/60.