धारेतून हात निघतो, बुटातून रस निघत नाही

"क्लिप बघा! माणूस ओला हात वितळलेल्या लोखंडाच्या धारेतून फिरवतो, फोडसुद्धा येत नाही. विज्ञानाने सिद्ध! ओले हातमोजे, ओलं कापड हेच खरं संरक्षण. पँट बुटात घट्ट खोचा, ठिणगी आत जाणार नाही. ॲल्युमिनियमवाल्यांना तर काहीच नको, ते लालसुद्धा होत नाही. चांदीचे कोट म्हणजे गरमीनं माणूस पाडायचे धंदे. ओतकाम करणाऱ्या प्रत्येक भावाला पाठवा."

मंडळी, हा मेसेज परवा रात्री मला माझ्याच पुतण्यानं पाठवला. तो इथंच लॅडलवर आहे, आत्ता मान खाली घालून उभा आहे, म्हणून नाव घेत नाही. खाली त्यानं लिहिलं होतं, "काका, आपण उगाच शिजतोय." सुरक्षा सप्ताहाचं भाषण म्हणून मला दोन पानं छापून दिली आहेत, ती खिशातच राहू देत. आज या मेसेजचंच बोलू.

क्लिप खोटी नाही. हे कबूल करताना जिवावर येतं, पण खोटी नाही. पाण्याचा थेंब खूप तापलेल्या पृष्ठभागाजवळ गेला की त्याची जी बाजू जवळ असते तिची आधी वाफ होते आणि त्या वाफेच्या गादीवर थेंब तरंगतो. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरानं १७५६ साली हे लिहून ठेवलंय. तवा नीट तापला की पाण्याचे थेंब त्यावर चुर्र न होता गोट्यांसारखे पळतात, तेच हे. ओल्या हाताभोवती अशी गादी क्षणभर तयार होते.

आता क्लिप पुन्हा बघा आणि फक्त वेळ मोजा. हात धारेतून आडवा जातो आणि एका सेकंदाच्या लहानशा भागात बाहेर येतो. धार खाली पडून जाते, हातावर काही थांबत नाही. हात उघडा आहे, त्यामुळे वाफेला पळायला चारी बाजू मोकळ्या आहेत. आपल्यावर रस उडतो तेव्हा यातलं एकही होत नाही. तो कापडावर बसतो, घडीत अडकतो, बुटात उतरतो आणि तिथंच राहतो.

ओल्या कापडाचं गणित तर पार उलटं आहे. गरम भांडं कोरड्या फडक्यानं धरा आणि मग ओल्या फडक्यानं धरून बघा. ओल्यानं धरलं की लगेच हात सोडावा लागतो. कोरड्या कापडाच्या धाग्यांमध्ये हवा असते आणि ती उष्णता सावकाश पुढं सोडते. त्या हवेच्या जागी पाणी भरलं की उष्णता वीसपट-पंचवीसपट सहज आत येते. वर रस बसलेला असतो, त्यामुळे कापडातल्या पाण्याची वाफ झाली तरी तिला बाहेरची वाट बंद. मग ती आत येते, कातडीवर गार होऊन पुन्हा पाणी बनते, आणि वाफ होताना घेतलेली सगळी उष्णता कातडीवर टाकते.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी आधी ज्या फौंड्रीत होतो तिथं आमच्या एका जोडीदारानं हातमोज्यासकट हात बादलीत बुडवले आणि तसाच टॅपिंगला आला. गार वाटतं म्हणाला. लॅडलच्या चोचीवरून वाटाण्याएवढा थेंब उडाला आणि त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर बसला. त्यानं झटकला, थेंब पडला. हातमोज्याचं चामडं कुठंही फाटलं नव्हतं, वर फक्त करवंदाएवढा काळा डाग होता. मोजा काढला तर आत बोटांच्या गाठींपासून मनगटापर्यंत कातडी पांढरी पडून सुटलेली. थेंबानं भाजलं असतं तर वाटाण्याएवढं भाजलं असतं. हे वाफेचं भाजणं होतं. कोरडा मोजा असता तर तो बहुतेक डागावर सुटला असता.

आणि हा मेसेज फक्त हाताचं नुकसान करून थांबणार नाही. माणसाला एकदा वाटलं की पाणी आपल्या बाजूचं आहे, की तो ते भट्टीजवळ आणतो. पाणी रसाच्या वर पडलं तर फसफसतं, उडून जातं. पण रस पाण्याच्या वर पडला, म्हणजे पाणी खाली कोंडलं गेलं, तर त्याची वाफ साधारण १,७०० पट जागा मागते. चमचाभर, म्हणजे पाच मिलिलीटर पाण्याची आठ-साडेआठ लिटर वाफ होते, तीही शंभर अंशाला. रसाच्या तापमानाला ती आणखी चौपट फुगते. एवढी वाफ डोळ्याचं पातं लवायच्या आत वरचा रस उचलून फेकते. ओलं स्क्रॅप भट्टीत जाऊ देत नाही, लॅडल नीट शेकल्याशिवाय घेत नाही, मळी काढायचा रॉड आधी भट्टीच्या काठावर तापवतो, ते याचसाठी. काल रात्रपाळीला कोणीतरी गार रॉड सरळ रसात घातला आणि रस कसा थुंकला ते दोघांनी पाहिलंय. ओतकामाच्या जागेत काँक्रीटवर कोरडी वाळू पसरतो तीही याचसाठी, कारण काँक्रीटच्या पोटातसुद्धा पाणी असतं आणि वर रस सांडला तर त्याचे टवके उडतात.

मोल्डिंगवाले आता हसतायत, ते मला दिसतंय. हिरव्या वाळूत पाणी घालतोच की! घालतो, ३-४ टक्के. पण त्या वाळूतून वाफ निघून जाते, शिवाय तुम्ही व्हेंट मारता. वाळू जास्त ओली झाली किंवा ठोकून ठोकून बंद केली की साचाच रस उलटा फेकतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता पँट बुटात खोचण्याचं. हे लिहिणारा माणूस फौंड्रीच्या दारातून तरी आत आला असेल का, अशी शंका येते. खोचलेली पँट म्हणजे बुटाच्या तोंडावर बसवलेली फनेल. मांडीवर उडालेला रस घसरत खाली येतो आणि थेट घोट्यापाशी जमा होतो. पन्नास ग्रॅम बिडाचा रस म्हणजे जेमतेम दीड चमचा. १,३५० अंशाचा तेवढा रस गार होताना जी उष्णता सोडतो, तेवढ्यात साधारण एक कप पाणी उकळायला लागतं. ती सगळी उष्णता बूट आणि पाय यांच्यामध्ये. म्हणून पँट बुटाच्या बाहेर, खाली दुमड नाही, वरून लेगगार्ड. बूट बिनलेसचा, कारण लेसच्या भोकांत आणि जिभेच्या खाचेत थेंब अडकतो, आणि वेळ आली तर तो बूट एका हिसक्यात पायातून सुटला पाहिजे.

आतल्या कपड्यांचं मेसेजमध्ये नाही, पण मीच सांगतो. पॉलिस्टर साधारण २५० अंशाला वितळतं आणि कातडीला चिकटून बसतं. सुती कापड जळतं, पण वितळून चिकटत नाही. वर कितीही चांगलं जाकीट असलं तरी आत खेळाचा चकचकीत टी-शर्ट नको.

ॲल्युमिनियमचं वाचून मला सगळ्यात जास्त राग आला, कारण पुतण्याची बदली पुढच्या महिन्यात तिकडेच आहे. ते लाल होत नाही हाच तर त्याचा घात. सातशे-साडेसातशे अंशाचं ॲल्युमिनियम दिव्यांच्या उजेडात चांदीच्या पाण्यासारखं दिसतं. चारशे अंशाचं घट्ट झालेलं कास्टिंग आणि कालचं गार कास्टिंग शेजारी ठेवलं तर रंगावरून ओळखता येत नाही. बिडाच्या रसाची झळ लांबूनच माणसाला मागं ढकलते, हा मात्र गुपचूप जवळ येऊ देतो.

आणि कापडाचंही वेगळं आहे. प्रक्रिया केलेल्या काही सुती कापडांवरून बिडाचा रस घरंगळून जातो, पण ॲल्युमिनियम त्याच कापडाला चिकटतं आणि तिथंच तापत राहतं. म्हणून कपड्यांसाठी जे आयएसओ ११६१२ मानक आहे त्यात दोन्हींची अक्षरं वेगळी ठेवली आहेत, वितळलेल्या ॲल्युमिनियमला डी आणि लोखंडाला ई. चाचणी अशी असते की कापड तिरकं ताणून बसवतात, खाली कातडीच्या जागी प्लॅस्टिकचा पातळ पत्रा ठेवतात आणि वरून मोजून रस ओततात. पत्र्याला इजा झाली की संपलं. ई-१ म्हणजे ६० ग्रॅमपासून पुढं टिकलं, ई-२ म्हणजे १२० पासून, ई-३ म्हणजे २०० किंवा त्याहून जास्त. डी-१ ला सुरुवात १०० ग्रॅमपासून होते आणि डी-३ ला ३५० पासून. तुमच्या जाकिटाच्या आतल्या लेबलवर हे अक्षर आणि आकडा छापलेला असतो. लेबलवर नुसतं ई असेल आणि माणूस ॲल्युमिनियमवर असेल तर त्या कामासाठी ते जाकीट तपासलेलंच नाही.

आकडे नीट ऐका, कारण यातच कपड्याची मर्यादाही आहे. सगळ्यात वरच्या ई-३ ची हमी २०० ग्रॅमपासून सुरू होते, म्हणजे साधारण सहा चमचे. लॅडलमध्ये किती किलो असतं ते तुम्हाला माहीत आहे. लॅडल उलटली तर हा कपडा तुम्हाला वाचवणार नाही. उडालेला रस अंगावरून पडेपर्यंत आणि तुम्ही मागं सरेपर्यंतचा वेळ तो देतो, बस.

राहिला चांदीचा कोट. गरम होतं, हे खरं आहे, आणि इथं मी मेसेजवाल्याला पूर्ण खोटं पाडू शकत नाही. तो कोट झळ परतवतो, पण अंगाची उष्णता आणि घामही आतच कोंडतो. गेल्या पाळीला एकाला चक्कर आली होती. त्यावर उपाय कोट टाकून देणं हा नाही. कोट ओतायला उभं राहण्यापुरताच घालायचा, उतरलं की काढायचा, माणसं आलटून पालटून लावायची आणि प्यायचं पाणी रसापासून लांब, पण हाताशी ठेवायचं. हे वेळापत्रक सुपरवायझरनं करायचं आहे, म्हणजे मी, आणि ते आजवर नीट झालेलं नाही. शिवाय ज्या कोटांची चमक घासून गेली आहे किंवा ज्यांच्यावर काजळी बसली आहे ते झळ परतवतच नाहीत. तसे कोट घालून तुम्ही खरंच उगाच शिजताय. स्टोअरमधले चार तसले कोट आज सकाळी मी बाजूला काढलेत.

आता टाळ्या वगैरे नकोत. लॅडलवाले आणि भट्टीवाले इथंच थांबा. एकेकानं पुढं यायचं, हातमोजे उलटे करून अस्तर कोरडं आहे का ते दाखवायचं, जाकिटाचं लेबल मोठ्यानं वाचायचं आणि मी तीन म्हणेपर्यंत एक बूट पायातून काढायचा. पहिला नंबर मेसेज पाठवणाऱ्याचा. ये रे, पुढं ये.