राक्षसाची वही कोण पुसणार?

«तुम्हाला माहीत आहे का? फोनमधला फोटो डिलीट केला की त्यातली माहिती उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणूनच फोन तापतो! हे १९६१ मध्येच सिद्ध झालंय. मॅक्सवेलच्या राक्षसाने थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम मोडला होता, पण "राक्षसाला रेणू बघायलाच ऊर्जा लागते" असं सांगून शास्त्रज्ञांनी वेळ मारून नेली. खरं म्हणजे माहिती हीच ऊर्जा आहे, आणि तिच्यावर फुकटात चालणारं यंत्र प्रयोगशाळेत तयारसुद्धा आहे. पुढे पाठवा!»

भाचीच्या अकरावीच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड फिरतोय आणि मुलं तो प्रोजेक्टच्या वहीत उतरवून काढताहेत, म्हणून हा खटाटोप.

फोनचं आधी उरकून टाकू. १९६१ मध्ये आयबीएममधल्या रॉल्फ लँडाउअर यांनी मांडलेली मर्यादा अशी: एक बिट पुसताना सभोवतालात सरासरी किमान kT ln 2 इतकी उष्णता जाते. k म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक, T म्हणजे केल्व्हिनमधलं तापमान. ३०० केल्व्हिनला हे 2.87 × 10⁻²¹ जूल भरतं. चार मेगाबाइटचा फोटो म्हणजे ३ कोटी २० लाख बिट, म्हणजे जेमतेम 9 × 10⁻¹⁴ जूल. एक ग्रॅम पाणी एका अंशाने तापवायचं असेल तर असे सुमारे ४५ लाख कोटी फोटो पुसावे लागतील. तेही खरोखर पुसले तर. डिलीट दाबल्यावर बहुतेक वेळा फक्त 'ही जागा मोकळी आहे' अशी नोंद होते, फोटोचे बिट काही काळ जागच्या जागी असतात. म्हणून तर डिलीट झालेले फोटो कधीकधी परत मिळतात.

फोन तापतो तो वेगळ्याच कारणाने. चिपमधला एखादा बिंदू एक फेम्टोफॅरड धारितेचा आणि ०.७ व्होल्टचा धरा. तो एकदा रिकामा झाला की ½CV² म्हणजे सुमारे 2.5 × 10⁻¹⁶ जूल उष्णता होते, लँडाउअरच्या मर्यादेच्या साधारण ८५ हजार पट. हा खर्च बिट पुसला तरी होतो आणि लिहिला तरी होतो. वर गळणारा विद्युतप्रवाह, स्क्रीन आणि रेडिओ आहेतच.

'माहिती हीच ऊर्जा' हे वाक्य तर ऐकायला भारी आणि आतून पोकळ आहे. मेमरीचा आदर्श बिट घ्या: सारख्याच खोलीचे दोन खड्डे, मध्ये उंचवटा, आणि एका खड्ड्यात एक कण. डावीकडे असेल तर ०, उजवीकडे असेल तर १. दोन्ही अवस्थांची ऊर्जा तंतोतंत सारखी आहे. मग पुसताना उष्णता येते कुठून? पुसणाऱ्याने केलेल्या कार्यातून. आधी कण दोनपैकी कुठेही असू शकत होता, पुसल्यावर तो ठरलेल्या एकाच खड्ड्यात आहे. दोन शक्यतांची एक झाली, म्हणजे बिटची एन्ट्रॉपी, अर्थात अव्यवस्थेचं माप, k ln 2 ने घटली. एकूण एन्ट्रॉपी घटत नाही, हाच थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम. तो पाळायचा तर सभोवतालाची एन्ट्रॉपी निदान तेवढी वाढायलाच हवी, आणि T तापमानाच्या सभोवतालात ती वाढते तेवढी उष्णता ओतूनच. बिटमध्ये कोंडलेलं काहीही सुटत नाही.

इथे एक अट आहे, आणि फॉरवर्डवाल्यांना तिचा पत्ताच नाही. बिटमध्ये काय आहे ते न पाहता तो शून्यावर आणायचा असेल तरच हा खर्च अटळ आहे. त्या बिटची दुसरी प्रत तुमच्याकडे असेल, तर ती पाहून '१ असेल तर उलटव, ० असेल तर राहू दे' एवढंच करता येतं, आणि पुरेसं सावकाश केलं तर या कामाला कोणतीही किमान उष्णता लागत नाही. राक्षसाच्या कोड्याची किल्ली इथेच आहे.

आता राक्षस. मॅक्सवेल यांनी १८६७ मध्ये एका पत्रात मांडलेली कल्पना: वायूच्या डब्यात मधोमध भिंत, तिला झडप, आणि झडपेवर वेगवान रेणू एकीकडे व मंद रेणू दुसरीकडे सोडणारा एक चतुर पहारेकरी, तोच राक्षस. कार्य न करता तापमानात फरक पडतो, म्हणजे दुसरा नियम गेला. हिशोब सोपा व्हावा म्हणून १९२९ मध्ये लिओ झिलार्ड यांनी डब्यात एकच रेणू ठेवला. आपणही त्यांच्याच वाटेने जाऊ.

डबा ३०० केल्व्हिनच्या सभोवतालात आहे. मधोमध पातळ भिंत सरकवा. रेणू कुठल्या बाजूला आहे ते पाहा आणि वहीत 'डावा' किंवा 'उजवा' लिहा. रेणू डावीकडे असेल तर भिंतीचा दट्ट्या करून तो उजवीकडे सरकू द्या. सभोवतालातून उष्णता घेत रेणू अर्ध्या डब्यातून पूर्ण डब्यात पसरतो आणि kT ln 2 इतकं कार्य देतो. शेवटी भिंत काढा. डबा पहिल्यासारखा झाला, हाती कार्य आलं, आणि सभोवतालातून तेवढीच उष्णता कमी झाली.

इथपर्यंत सगळं खरं आहे, म्हणून तर माणसं फसतात. डबा पहिल्यासारखा झाला, वही मात्र झाली नाही. सुरुवातीला ती कोरी होती, आता तीत एक अक्षर आहे. पुढच्या फेरीसाठी ते पुसायला हवं. जुन्या नोंदीवर नवीन गिरवून भागणार नाही, कारण न पाहता केलेलं गिरवणं म्हणजेच पुसणं. मग वर सांगितलेली फुकटची वाट धरता येईल का? दट्ट्या हलण्यापूर्वी येईल: रेणू डावीकडे आहे आणि वहीतही 'डावा' आहे, म्हणजे रेणू हीच नोंदीची दुसरी प्रत. तिच्या आधाराने वही बिनखर्चात कोरी होते, पण मग दट्ट्या कुठल्या बाजूने लावायचा हे राक्षसाला कळणार कसं? आणि दट्ट्या हलू दिला की रेणू पूर्ण डब्यात पसरतो, प्रत नाहीशी होते आणि वहीतली नोंद एकटी उरते. आता ती पुसायला किमान kT ln 2. मिळालं तेवढंच गेलं, आणि तेही प्रत्येक पायरी अतिशय सावकाश केली तर. घाई केली की खर्च वाढतो. पुसणं आणि राक्षस यांची ही सांगड १९८२ मध्ये चार्ल्स बेनेट यांनी घातली.

एक मोल वायूवर हेच करा. सगळे रेणू एका अर्ध्यात गोळा केले तर एन्ट्रॉपी R ln 2 म्हणजे ५.७६ जूल प्रति केल्व्हिनने घटते, R म्हणजे वायूचा स्थिरांक, आणि ३०० केल्व्हिनला त्यातून १७२९ जूल कार्य मिळू शकतं (हो, रामानुजनचाच आकडा, निव्वळ योगायोग). त्यासाठी राक्षसाला प्रत्येक रेणूमागे एक, म्हणजे 6.02 × 10²³ नोंदी कराव्या लागतील. एक टेराबाइटच्या साडेसात हजार कोटी डिस्क. त्या पुसायचा किमान खर्च? १७२९ जूल. पुसायच्याच नाहीत म्हणालात तर चक्र पूर्ण झालेलं नाही. वायूतली अव्यवस्था डिस्कवर नेऊन ठेवली, एवढंच.

'बघायला ऊर्जा लागते' यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. १९५१ मध्ये लिऑन ब्रिलुआँ यांनी दाखवलं, की तापलेल्या डब्यात आधीच प्रकाशकण भरलेले असतात, त्यांच्यातून रेणू ओळखायचा तर राक्षसाला त्याहून जास्त ऊर्जेचा प्रकाशकण खर्चावा लागतो. टॉर्चने बघणाऱ्या राक्षसापुरतं ते बरोबर आहे. पण बघणं प्रकाशानेच व्हायला हवं असं नाही. कोऱ्या बिटवर नोंद उतरवणं तत्त्वतः उलट फिरवता येतं, आणि त्याला किमान उष्णता नाही. यात आणखी एक बारकावा आहे: वहीतल्या बिटचे दोन खड्डे असमान असतील तर पुसण्याचा खर्च kT ln 2 पेक्षा कमी असू शकतो, पण मग तेवढा नोंदीचा खर्च वाढतो. २००९ मध्ये सागावा आणि उएदा यांनी दोन्ही खर्चांची बेरीजच बांधून टाकली, आणि ती बेरीज राक्षसाच्या कमाईपेक्षा कमी होत नाही. म्हणजे वेळ मारून नेली हा आरोप १९५१ मध्ये कदाचित चालला असता, आज नाही.

१९६१ चा युक्तिवाद होता, मोजमाप नव्हतं. ते २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये आलं, फ्रान्समधल्या लियाँच्या गटाकडून. पाण्यात दोन मायक्रोमीटर व्यासाचा सिलिकाचा मणी, आणि लेझरने तयार केलेले दोन खड्डे. पायऱ्या अशा: लेझरची शक्ती घटवून मधला उंचवटा kT च्या दुपटीच्या आसपास आणायचा, पाण्याची पेटी सरकवून मण्याला एका बाजूला ओढ लावायची, मग ओढ थांबवून उंचवटा पुन्हा वाढवायचा. मणी आधी कुठेही असो, शेवटी ठरलेल्या बाजूला. मण्याचा मार्ग नोंदवून, त्यावरच्या बलावरून प्रत्येक वेळची उष्णता काढली. प्रक्रिया घाईने केली तर उष्णता जास्त, वीस-तीस सेकंद दिली तर सरासरी kT ln 2 च्या दिशेने उतरत जाते.

या प्रयोगात दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, एखाद्या सुट्या फेरीत मर्यादेपेक्षा कमी उष्णता दिसते, कारण मण्याला पाण्याचे रेणू सतत धक्के देत असतात. मर्यादा सरासरीची आहे, एका फेरीची नाही. दुसरं, मणी दर वेळी योग्य बाजूला पोचत नाही. शंभरात ९५ वेळाच पोचला तर पुसणं अर्धवट झालं, आणि किमान उष्णताही kT ln 2 च्या ७१ टक्क्यांवर येते. म्हणून 'मर्यादा मोडली' असा आलेख कोणी दाखवला, तर आधी यशाचं प्रमाण विचारायचं.

राहिलं फुकटचं यंत्र. तो रोख बहुधा २०१० च्या जपानमधल्या प्रयोगाकडे असावा. त्यात पाण्यातला एक सूक्ष्म कण धक्क्यांनी वरच्या पायरीवर गेला की मागचा रस्ता विद्युतक्षेत्राने बंद केला जाई, आणि कण पायऱ्या चढत राही. कणाने खरोखर ऊर्जा मिळवली, आणि हाती आलेल्या माहितीतून जेवढी मिळू शकली असती तिच्या सुमारे २८ टक्के. पण कण कुठे आहे ते कॅमेरा पाहत होता आणि क्षेत्र कधी बदलायचं ते संगणक ठरवत होता. कणाची कमाई kT च्या पटीत मोजायची, कॅमेरा आणि संगणकाचा खर्च वॉटमध्ये. प्रयोग करणाऱ्यांनी यातलं काहीही लपवलेलं नाही. प्लग भिंतीत होता, फॉरवर्डमध्ये तेवढा गळला.